लीडला किती मिनिटांत फोन गेला? ९०० लीड्सचा स्रोतवार हिशोब

लीड आली, म्हणजे कुणी चौकशीसाठी नंबर दिला, की पाच मिनिटांत फोन करा, हा सल्ला विक्रीत काम करणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेला असतो. त्याच्या पुष्टीसाठी अमेरिकेतला एक अभ्यास बरेचदा सांगितला जातो. तो २०११ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला. त्यात २,२४१ कंपन्यांना वेबवरून चौकशी पाठवून त्या किती वेळात उत्तर देतात हे तपासलं होतं. ३७ टक्के कंपन्यांनी तासाभरात उत्तर दिलं आणि २३ टक्क्यांनी दिलंच नाही. तासाभरात संपर्क करणाऱ्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं करता येण्याची शक्यता, तासानंतर प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा जवळपास सातपट होती, असा त्याच लेखातल्या, प्रत्यक्ष लीड्सच्या वेगळ्या पाहणीचा निष्कर्ष होता.

हा आकडा सगळीकडे फिरतो, पण सगळ्या लीड्स एकत्र धरून. प्रत्यक्षात फेसबुकवर स्क्रोल करता करता भरलेला फॉर्म आणि गूगलवर 'घरावर सोलर खर्च' असं शोधून आलेला माणूस यांच्यात फार अंतर असतं. उशिरानं दोघांचं होणारं नुकसानही सारखं नसतं. आपल्याकडे माणसं मोजकी असतील, तर आधी कोणाला फोन करायचा आणि कोणत्या वेळेला माणूस बसवायचा, हे त्या फरकावरून ठरतं. तो फरक काढायचा कसा, ते इथे एका प्रकरणातून पाहू.

प्रकरण नाशिकमध्ये घरगुती रूफटॉप सोलर बसवणाऱ्या एका छोट्या कार्यालयाचं आहे. हे कार्यालय नमुन्याचं आहे आणि पुढचे सगळे आकडे हिशोबाची रीत दिसावी म्हणून धरलेले आहेत. ते आपल्या धंद्याचे मापदंड म्हणून वापरू नयेत, आपल्या शीटमधले आकडे त्या जागी घालावेत.

कार्यालयाची स्थिती

फोन करायला दोन माणसं, वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७, रविवारी सुट्टी. तीन महिन्यांत ९०० लीड्स आल्या. त्यातल्या ४२० फेसबुकची कंपनी मेटाच्या इन्स्टंट फॉर्मवरून, १८० गूगल सर्चच्या जाहिरातीतून, १६० व्हॉट्सअ‍ॅपवर थेट चॅट उघडणाऱ्या जाहिरातीतून आणि १४० एका लिस्टिंग पोर्टलवरून आल्या. मालकाची तक्रार नेहमीची होती: फेसबुकच्या लीड्स भंगार असतात, ते बजेट काढून गूगलला लावू.

यश कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं. सोलरमध्ये ऑर्डर पक्की व्हायला महिना-दीड महिना सहज जातो. बिल बघायचं, छत बघायचं, पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान समजून घ्यायचं (३ किलोवॉटला ७८,००० रुपये), कर्जाचं विचारायचं, घरात बोलायचं. म्हणजे तिसऱ्या महिन्यात आलेल्या बऱ्याच लीड्स मोजणीच्या दिवशी अधांतरीच असतात. त्या अपयश म्हणून मोजल्या, तर शेवटच्या महिन्यात केलेली प्रत्येक सुधारणा वाया गेल्यासारखी दिसते. म्हणून इथे यश म्हणजे लीड आल्यापासून १४ दिवसांत छताचा सर्व्हे प्रत्यक्ष झाला. नुसता ठरला असेल तर तो धरायचा नाही. ऑर्डरचा विचार शेवटी वेगळा करू.

घड्याळ कुठे सुरू होतं, कुठे थांबतं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून पाहू. गूगल शीटमध्ये किमान एवढे रकाने हवेत:

```
lead_id | source | phone | created_at | first_attempt_at | first_talk_at | survey_at
```

`created_at` म्हणजे माणसानं फॉर्म पाठवला ती वेळ. लीड आपल्या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उतरली ती वेळ नव्हे. जोडणी दर तासाला लीड्स ओढत असेल, तर सीआरएमच्या वेळेप्रमाणे आपण चार मिनिटांत फोन केला असं दिसतं आणि ग्राहकाच्या दृष्टीनं पन्नास मिनिटं झालेली असतात.

दुसरी अडचण वेळेच्या पट्ट्याची. मेटाच्या एपीआयमधून येणारी वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असते, शेवटी `+0000` लिहिलेलं असतं. फोनचा लॉग मात्र भारतीय वेळेत असतो. दोन्ही तसेच वजा केले, तर मेटाच्या प्रत्येक लीडला ३३० मिनिटं जास्त लागल्याचं दिसतं. हे ओळखणं सोपं आहे. एका स्रोताचे सगळ्यात जलद फोनही ३३० मिनिटांच्या थोडं पुढेच सुरू होत असतील, किंवा एखाद्या स्रोतात उणे मिनिटं दिसत असतील, तर गडबड पट्ट्याची आहे. वेळेत साडेपाच तास मिळवायचे, फोन नंबरचे शेवटचे दहा आकडे काढायचे आणि मग मिनिटं मोजायची:

```
=DATEVALUE(LEFT(D2,10))+TIMEVALUE(MID(D2,12,8))+TIME(5,30,0)
=RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(C2),"\D",""),10)
=(E2-D2)*1440
```

पहिल्या सूत्राचा निकाल वेगळ्या रकान्यात काढून मूल्य म्हणून `D` मध्ये परत चिकटवायचा, आणि तोही फक्त ज्या स्रोताची वेळ यूटीसीत आहे त्याच ओळींना. दुसरं सूत्र लागतं, कारण तोच माणूस एका ठिकाणी `+91` लावून, दुसऱ्या ठिकाणी नुसत्या दहा आकड्यांनी आणि मेटाच्या निर्यात फाइलमध्ये `p:` या अक्षरासह येतो. सकाळी फॉर्म भरून दुपारी गूगलवरून पुन्हा आलेला माणूस दोन लीड्स नसतो. त्याची पहिली नोंद आणि पहिला स्रोत ठेवायचा.

घड्याळ थांबवायचं कधी, यावर बहुतेक ठिकाणी एकमत नसतं. पहिलं बोलणं झालं ती वेळ घ्यावी असं वाटतं, कारण ग्राहकाला उत्तर तेव्हाच मिळतं. पण तशी मोजणी केली की ज्यांनी फोन उचललाच नाही त्यांची वेळ रिकामी राहते आणि ते हिशोबातून गळतात. उरतात फक्त फोन उचलणारे, आणि मग उशीर झाला तरी फारसं बिघडत नाही असं खोटं चित्र तयार होतं. आपल्या हातात असतो तो माणसानं केलेला पहिला प्रयत्न, म्हणून `first_attempt_at` घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप जाणारा 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू' हा संदेश प्रयत्न नाही, माणसानं टाइप केलेला पहिला संदेश म्हणजे प्रयत्न. ज्यांना कधीच फोन गेला नाही त्यांना वगळू नका, सगळ्यात उशिराच्या गटात टाका.

सरासरी वेळ काढू नका. रविवारची एक विसरलेली लीड ४,००० मिनिटांची असते आणि ती एकटी चाळीस चांगल्या फोनची सरासरी बिघडवते. मध्यक पाहा, आणि त्याहून उपयोगी म्हणजे तीन गट करा: पाच मिनिटांच्या आत, पाच मिनिटं ते एक तास, एका तासानंतर. मिनिटं घड्याळाचीच मोजायची, कार्यालयीन वेळेची नव्हे. रात्री नऊला फॉर्म भरणाऱ्याला आपलं कार्यालय सातला बंद होतं याच्याशी देणंघेणं नसतं.

आकडे

प्रत्येक घरात पहिला आकडा लीड्सचा, दुसरा झालेल्या सर्व्हेंचा, मग टक्केवारी.

| स्रोत | ५ मिनिटांत | ५ मि. ते १ तास | १ तासानंतर |
|---|---|---|---|
| मेटा फॉर्म | ४० / १० / २५% | १०० / १५ / १५% | २८० / १४ / ५% |
| गूगल सर्च | ८० / ३२ / ४०% | ६० / २१ / ३५% | ४० / १० / २५% |
| व्हॉट्सअ‍ॅप जाहिरात | ८० / २० / २५% | ४० / ८ / २०% | ४० / ४ / १०% |
| लिस्टिंग पोर्टल | २० / ६ / ३०% | ४० / ४ / १०% | ८० / ४ / ५% |
| एकूण | २२० / ६८ / ३०.९% | २४० / ४८ / २०% | ४४० / ३२ / ७.३% |

खालची ओळ वाचून कोणीही म्हणेल की पाच मिनिटांत फोन केला की सर्व्हे चौपटीहून जास्त होतात. पण वरच्या ओळी नीट पाहिल्या तर दिसतं की जलद फोन झालेल्या २२० मध्ये गूगलच्या ८० आहेत आणि उशिराच्या ४४० मध्ये मेटाच्या २८०. फोन करणारी माणसं अनुभवानं गूगलची लीड आधी उचलतात. म्हणजे जलद गटाचं काही यश वेगाचं नाही, त्यात चांगल्या स्रोताच्या लीड्स जास्त आहेत एवढ्याचंच आहे.

हे वेगळं करायला स्रोतांचं प्रमाण तिन्ही गटांत सारखं धरायचं. समजा सगळ्या ९०० लीड्सना पाच मिनिटांत फोन गेला आणि प्रत्येक स्रोताचा दर तक्त्यातलाच राहिला. मेटाचे १०५, गूगलचे ७२, व्हॉट्सअ‍ॅपचे ४० आणि पोर्टलचे ४२ मिळून २५९ सर्व्हे होतात, म्हणजे २८.८ टक्के. सगळ्यांना तासानंतर फोन गेला असं धरलं तर २१, ४५, १६ आणि ७ मिळून ८९, म्हणजे ९.९ टक्के. चौपटीचा फरक तिपटीवर आला. तिप्पटही कमी नाही, पण माणूस नेमायचा की नाही हे ठरवताना या दोन आकड्यांत पगार निघण्या न निघण्याचा फरक असतो.

प्रत्येक स्रोत उशिराला वेगळा का वागतो

मेटाच्या इन्स्टंट फॉर्ममध्ये नाव आणि नंबर प्रोफाइलमधून आधीच भरलेले असतात. माणूस अ‍ॅपच्या बाहेर जात नाही, दोन वेळा टॅप करतो आणि पुढच्या रीलवर जातो. पाच मिनिटांत फोन आला तर सोलरचा विचार डोक्यात असतो आणि वीजबिलही आठवत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस म्हणतो, 'मी कुठे फॉर्म भरला होता?' तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच आठवत नसतं. म्हणून इथे दर २५ वरून ५ वर घसरतो. याच फॉर्ममध्ये एक दुसरी गळतीही असते: प्रोफाइलमधला जुना, बंद पडलेला नंबर. त्यावर कितीही लवकर फोन केला तरी उपयोग नाही. मेटाच्या फॉर्ममध्ये माहिती पुन्हा तपासून पाठवण्याची पायरी असलेला, जास्त इच्छुकांसाठीचा प्रकार निवडता येतो. त्याने चुकीचे नंबर कमी होतात, लीड्सही कमी येतात. फॉर्मचा प्रकार बदलला त्या तारखेला शीटमध्ये खूण करा. नाहीतर दर वाढल्याचं श्रेय वेगाला जाईल.

गूगल सर्चवरून आलेल्याची गरज आधीपासून असते, जाहिरातीनं ती निर्माण केलेली नसते. उन्हाळ्यातलं बिल हातात असतं, त्यानं दोन-तीन वेबसाइट उघडलेल्या असतात. दोन तासांनी फोन केला तरी त्याला विषय आठवतो आणि तो बोलतो. म्हणून दर ४० वरून २५ पर्यंतच उतरतो. या स्रोतात खरं नुकसान कुठे होतं, तर त्यानं स्वतः केलेला फोन आपण उचलला नाही तेव्हा. तो फॉर्ममध्ये येतच नाही, वरच्या तक्त्यातही नाही. गूगलसाठी मिस्ड कॉलची यादी रोज काढून या शीटमध्ये घातल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

पोर्टलचं गणित सगळ्यात कठोर आहे. तिथे एकच चौकशी बहुधा अनेक विक्रेत्यांकडे एकाच वेळी जाते. पहिला फोन करणारा सर्व्हेची वेळ ठरवून मोकळा होतो आणि पुढच्या प्रत्येकाला 'एक जण येऊन जातोय, मग बघू' हे ऐकावं लागतं. म्हणून पाच मिनिटांत ३० टक्के आणि त्यापुढे एकदम १०. इथे पाच मिनिटांची संधी हुकली, तर विसाव्या मिनिटाला धावपळ करून फार काही हाती लागत नाही. तेवढ्या वेळात मेटाची ताजी लीड घेणं बरं. मात्र पोर्टलच्या पाच मिनिटांच्या घरात फक्त २० लीड्स आहेत. सहाऐवजी चार सर्व्हे झाले असते तर दर २० टक्के दिसला असता. इतक्या छोट्या घरावर मोठा निर्णय घेऊ नये.

व्हॉट्सअ‍ॅपच्या जाहिरातीत ग्राहकानं स्वतः पहिला संदेश पाठवलेला असतो आणि संवादाचा धागा त्याच्या फोनमध्ये शिल्लक राहतो. त्यामुळे उशिरानं उत्तर गेलं तरी कशाबद्दल आहे हे त्याला वर सरकवून वाचता येतं. घसरण होते, पण मेटा फॉर्मइतकी नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवरून काम चालत असेल, तर ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासच मोकळेपणानं लिहिता येतं, त्यानंतर मंजूर टेम्प्लेटच पाठवावा लागतो. शनिवारी रात्रीच्या संदेशाला सोमवारी उत्तर देणाऱ्याची गाडी नेमकी इथे अडते.

उशीर नेमका कुठे होतो

आता कोणत्या स्रोताला वेग दिल्यानं जास्त मिळेल ते पाहू. तासानंतरच्या १०० लीड्स पाच मिनिटांत आणल्या, तर तक्त्याप्रमाणे पोर्टलवर २५ सर्व्हे वाढतात, मेटावर २०, गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येकी १५. पण उशिरा पोहोचलेल्या लीड्स आहेत किती? गूगलच्या ४०, मेटाच्या २८०. म्हणजे वाव मेटामध्ये आहे, जिच्यावर मालकाची खप्पामर्जी आहे तिथेच.

मेटाच्या त्या २८० लीड्सच्या `created_at` चे तास पाहिले की कारण उघड होतं. १७० लीड्स संध्याकाळी ७ ते रात्री १० या वेळातल्या, ५० रविवारच्या, आणि फक्त ६० कार्यालयीन वेळेतल्या, जेव्हा माणसं दुसऱ्या फोनवर होती. माणसं आळशी नाहीत. ग्राहक जेवणानंतर मोबाईल बघतो तेव्हा कार्यालय बंद असतं. दिवसा दोघांना कितीही घाई करायला लावली तरी या १७० ना काही फरक पडत नाही.

कार्यालयीन वेळेतल्या ६० चं कारण वेगळं होतं. सोमवारी सकाळी शनिवार रात्र आणि रविवार मिळून १४ च्या आसपास लीड्स साचलेल्या असत. एका लीडला फोन, न उचलल्यास संदेश आणि नोंद धरून पाच मिनिटं लागली, तर एका माणसाचे ७० मिनिटं त्यातच जातात. यादी जुन्यापासून नव्याकडे चालवली, की दहा वाजून पाच मिनिटांनी आलेल्या ताज्या लीडलाही अकरा वाजून दहा मिनिटांनीच फोन जातो, म्हणजे तीही शिळी होते. उपाय फुकट आहे: यादी नेहमी ताज्यापासून सुरू करायची. फोन चालू असताना नवी लीड आली तर हातातला फोन संपताच तीच घ्यायची, साचलेल्यांकडे मग परतायचं. साचलेल्यांचं बरंचसं नुकसान आधीच झालेलं असतं, आणखी अर्ध्या तासानं त्यात थोडीच भर पडते. शिस्तीच्या माणसाला हे उलटं वाटतं, रांगेत आधी आलेल्यावर अन्याय वाटतो, म्हणून तोंडी सांगून भागत नाही. शीटच लीडच्या वेळेप्रमाणे उतरत्या क्रमानं लावून ठेवावी लागते.

खरंच वेगामुळे होतं का, याची परीक्षा

तक्त्यात अजून एक खोट उरतेच. एकाच स्रोतातही माणसं लीड निवडून फोन करतात. मेटा फॉर्ममध्ये 'महिन्याचं बिल किती' असा प्रश्न असेल, तर ५,००० लिहिणाऱ्याला आधी फोन जातो आणि ८०० लिहिणारा मागे राहतो. मग पाच मिनिटांच्या घरातला २५ टक्के दर थोडा वेगाचा आणि थोडा मोठ्या बिलाचा असतो. जुन्या नोंदींवरून हे वेगळं काढता येत नाही, त्यासाठी छोटा प्रयोग करावा लागतो.

प्रयोग फक्त मेटाच्या संध्याकाळी ७ ते १० च्या लीड्सवर केला. फोन नंबरचा शेवटचा आकडा विषम असेल तर त्याच वेळी, पाच मिनिटांच्या आत फोन. सम असेल तर आत्तापर्यंत चालत होतं तसं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. शेवटच्या आकड्याचा बिलाशी, छताशी किंवा फोन करणाऱ्याच्या आवडीशी संबंध नसल्यानं दोन्ही गट सारखे राहतात. दोन्हीकडे फोन करणारी माणसं आलटून पालटून ठेवली, नाहीतर वेगाऐवजी बोलण्याच्या हातोटीचीच परीक्षा झाली असती.

किती लीड्स लागतील? ५ टक्के आणि २० टक्के यांतला फरक ओळखायला प्रत्येक गटात ७५ च्या आसपास पुरतात. गूगलच्या ३५ आणि ४० मधला फरक खात्रीनं पाहायचा असता, तर प्रत्येक गटात सुमारे १,५०० लागल्या असत्या. या कार्यालयाला त्या जमवायला कित्येक वर्षं लागतील. गूगलवर हा प्रयोग न करण्याचं कारण हेच. मेटाच्या १५० लीड्स जमायला बारा आठवडे गेले.

निकाल असा: लगेच फोन केलेल्या ७५ मध्ये १३ सर्व्हे, सकाळी फोन केलेल्या ७५ मध्ये ५. म्हणजे १७.३ आणि ६.७ टक्के. तक्ता २० टक्क्यांची वाढ सांगत होता, प्रयोगात ती १०.७ निघाली. वेगाचा परिणाम खरा आहे, पण तक्त्यात दिसतो त्याच्या निम्म्यानं. आणि ही खात्रीही जेमतेम आहे, नशिबानं इकडचे दोन-तीन सर्व्हे तिकडे गेले असते तर ती डळमळली असती. म्हणून पुढचा हिशोब १०.७ धरूनच करायचा, २० धरून नाही.

प्रयोग चालू असताना एका गोष्टीवर लक्ष ठेवावं लागतं. पाच मिनिटांचं लक्ष्य लावलं की काही दिवसांत दोन रिंग देऊन ठेवलेले फोन दिसू लागतात, कारण घड्याळ प्रयत्नावर थांबतं. कॉल लॉगमध्ये पाच मिनिटांच्या आतल्या फोनची लांबी पाहा. दहा सेकंदांच्या आतले फोन अचानक वाढले असतील, तर ते प्रयत्न म्हणून धरू नका. पूर्ण रिंग, न उचलल्यास लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर नाव आणि कारण लिहून संदेश, आणि दहा मिनिटांनी दुसरा फोन, एवढं झालं तरच तो प्रयत्न. अनोळखी नंबर बरेच लोक उचलत नाहीत, संदेश वाचून दुसऱ्या वेळेला मात्र उचलतात.

बोलण्याची सुरुवातही या स्रोताला धरून असावी. 'आमच्याकडे सोलरची ऑफर आहे' म्हटलं की फोन कापला जातो. 'नमस्कार, तुम्ही आत्ता फेसबुकवर छतावरच्या सोलरसाठी नंबर दिला होता, त्याबद्दल बोलतोय. मागच्या महिन्याचं बिल साधारण किती आलं होतं?' एवढ्यात त्याला फॉर्म आठवतो आणि पहिला प्रश्न त्याला सहज उत्तर देता येईल असा असतो. घर स्वतःचं आहे का, छतावर मालकी कोणाची, हे दुसरं. सर्व्हेचा दिवस त्याच फोनवर ठरवायचा. 'घरी विचारून सांगतो' असं उत्तर आलं, तर घरातले सगळे असतील ती वेळ विचारायची.

पैशांचा हिशोब

मेटाची लीड १५० रुपयांना पडते, गूगलची ६०० ला. मेटाच्या ४२० लीड्सचे ६३,००० रुपये आणि ३९ सर्व्हे, म्हणजे सर्व्हेमागे १,६१५. गूगलचे १,०८,००० आणि ६३ सर्व्हे, म्हणजे १,७१४. सर्व्हेवरून पाहिलं तर मेटा स्वस्तच आहे. पण मेटाच्या पाच सर्व्हेंतून एक ऑर्डर होते आणि गूगलच्या तीनांतून एक. ऑर्डरमागे मेटाला ८,०७७ आणि गूगलला ५,१४३ पडतात. मालकाची तक्रार अगदीच निराधार नव्हती.

आता संध्याकाळच्या १७० लीड्सना लगेच फोन गेला आणि १०.७ टक्क्यांची वाढ टिकली, तर तीन महिन्यांत १८ सर्व्हे वाढतात. ३९ चे ५७ होतात आणि जाहिरातीचा खर्च तोच राहतो, म्हणून ऑर्डरमागे ५,५२६. मेटा गूगलच्या जवळ आली. पण हा हिशोब अर्धवट आहे, कारण रात्री फोन घेणाऱ्या माणसाचे पैसे त्यात नाहीत. पूर्ण माणूस लागत नाही, मेटाच्या रोज दोन-तीनच लीड्स असतात. आहे त्यांच्यापैकी एकानं पाळीपाळीनं ७ ते १० फोन जवळ ठेवायचा आणि त्याबद्दल महिना ८,००० रुपये भत्ता, म्हणजे तीन महिन्यांचे २४,०००. त्या १८ वाढीव सर्व्हेंमागे प्रत्येकी १,३३३ आणि वाढीव ऑर्डरमागे सुमारे ६,६६७ रुपये पडतात. हे मेटाच्या आजच्या ८,०७७ पेक्षा स्वस्त आहे आणि गूगलच्या ५,१४३ पेक्षा महाग.

मग सगळे पैसे गूगललाच का लावू नयेत? कारण एका शहरात दर महिन्याला सोलर शोधणारी माणसं ठरावीक असतात. बजेट दुप्पट केलं म्हणून शोधणारे दुप्पट होत नाहीत, क्लिक महाग होतात आणि ढिल्या शब्दांवर जाहिरात दिसू लागते. ५,१४३ हा आत्ताच्या लीड्सचा दर आहे, पुढच्या शंभर लीड्सचा नाही. म्हणून कार्यालयानं गूगलचं बजेट हात न लावता ठेवलं, मेटा बंद केली नाही आणि रात्रीची पाळी तीन महिन्यांसाठी सुरू केली. त्याच पाळीत पोर्टल आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या संध्याकाळच्या लीड्सही घ्यायच्या, कारण भत्ता तेवढाच राहतो.

एक गोष्ट अजून उघडी आहे. घाईनं ठरवलेले वाढीव सर्व्हे जुन्यांइतकेच पक्के असतील, म्हणजे पाचात एक ऑर्डर देतील, हे फक्त गृहीत धरलेलं आहे. रात्री नऊला उत्साहात हो म्हटलेला माणूस सर्व्हेनंतर थंड पडू शकतो. दहात एकच ऑर्डर निघाली, तर वाढीव ऑर्डर १३,३३३ रुपयांना पडेल आणि पाळी बंद करावी लागेल. त्यासाठी शीटमध्ये `order_at` हा रकाना वाढवला, आणि रात्रीच्या पाळीतल्या सर्व्हेंचा ऑर्डरचा दर शेवटच्या सर्व्हेनंतर ४५ दिवस उलटल्यावरच काढायचा असं ठरलं.